अनुभव धागा: दोन डिस्का मिरर केल्यात, मग बॅकअप कशाला?

धागाकर्ता, शहापूर (बेळगाव)

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, मराठी आणि कन्नड दोन्ही. सहा वर्षांपूर्वी काँप्युटर जोडणाऱ्यानं बोर्डावरच्याच रेडमध्ये एकेक टीबीच्या दोन डिस्का मिरर करून दिल्या, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवरही तेच. "एक गेली तरी दुसरी हाय की ओ," म्हणाला. मी त्यालाच बॅकअप समजून बसलो. विंडोज वेगळ्या एसएसडीवर, काम सगळं D: वर.

गेल्या दिवाळीत दुकान पाच दिवस बंद, मेन स्विचसुद्धा पाडलेला. उघडून बटण दाबलं तर घड्याळ 2015 साल दाखवतंय आणि F1 दाबा म्हणतंय. दाबला. मग निळा पडदा, `INACCESSIBLE_BOOT_DEVICE`. ओळखीच्या पोरानं सेफ मोडमध्ये एकदा चालू करून दिलं, मग विंडोज आलं. D: मध्ये फायली जागेवर. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची गर्दी सुरू झाली, आम्ही कामाला लागलो.

तीन आठवड्यांनी घड्याळाच्या कटकटीला कंटाळून एकाकडून बोर्डावरचा सेल बदलून घेतला. त्यानं बायोसमध्ये बघितलं, "तुमचं रेड बंद पडलंय," म्हणाला आणि `SATA Mode` परत `RAID` केला. पुन्हा तेच सेफ मोडचं सव्यापसव्य. मिरर `Normal` दाखवत होता. पण एकच फाईल एकदा उघडायची, एकदा नाही. रीस्टार्ट केल्यावर विंडोजचं डिस्क तपासणारं chkdsk आपोआप सुरू झालं, मी चालू दिलं. ते संपल्यावर त्या तीन आठवड्यांतलं जवळजवळ सगळं काम गेलं होतं, आणि जुन्यातलंही बरंच. छापून गेलेल्या पत्रिका गोळा करून परत टाईप केल्या. कन्नड बाजू शेजारच्या अक्कांनी करून दिली.

डिस्का दोन्ही आजही ठणठणीत आहेत. तुमच्याकडं मिरर असताना काय झालं ते लिहा.

टिळकवाडी, निवृत्त लॅब असिस्टंट

सेल संपला तेव्हा नुकसान झालं नव्हतं. ते रेड परत चालू केल्यावर झालं.

सेल संपल्यावर मेन बंद असला की बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या जातात. F1 दाबून पुढं गेलात तेव्हा बोर्ड मूळ सेटिंगवर, म्हणजे रेड बंद असलेल्या `AHCI` वर गेलं. मग विंडोजला मिरर दिसेना, दोन सुट्या डिस्का दिसायला लागल्या. मिररमुळं दोन्हींची ओळख हुबेहूब एकच, म्हणून विंडोजनं एक चालू ठेवली आणि दुसरी `Offline` करून बाजूला टाकली. डिस्क मॅनेजमेंट उघडलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. तीन आठवडे तुम्ही एकाच डिस्कवर लिहीत होता, दुसरी दिवाळीतच थांबली होती.

आता हे बघा. बोर्डाचं रेड आपली खूण डिस्कवरच लिहून ठेवतं. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजमध्ये ती डिस्कच्या अगदी शेवटी असते. `AHCI` मध्ये त्या खुणेला कुणी हात लावत नाही. त्यामुळं रेड परत चालू केलं तेव्हा दोन्ही खुणा म्हणाल्या, आम्ही जोडीनंच आहोत. बोर्डानं विश्वास ठेवला आणि वाचताना कधी हिच्यातून, कधी तिच्यातून वाचायला लागलं. साधा मिरर वाचताना दोन्ही बाजू ताडून बघत नाही. आणि ताडून फरक सापडला तरी खरी कुठली हे त्याला ठरवता येत नाही. chkdsk ला निम्मी यादी दिवाळीची, निम्मी तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्यानं ती "दुरुस्त" केली, आणि तीही दोन्ही डिस्कांवर.

करायचं होतं ते इतकंच: रेड चालू करायच्या आधी चालू असलेल्या डिस्कवरून सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं, कालची फाईल त्यात उघडते का बघायचं, मग जुना मिरर मोडून नवीन बांधायचा.

निपाणी

काका, एवढं कशाला? मिररमधली एक डिस्क काढून कुठल्याही पीसीला लावा, चालते. मी लावलीय. बोर्ड मेलं तरी डेटा जात नाही.

टिळकवाडी

चालते, खूण शेवटी असल्यामुळं. पण लावल्याक्षणी विंडोज तिच्यावर कायबाय लिहितं. मग ती परत जोडीत घातलीस की शहापूरवाल्यांचीच गत. काढलीस तर काढलीस, परत घालायची नाही.

खानापूर

आमच्याकडं पावसाळ्यात वीज पडली, एसएमपीएस जळाला आणि जाताना दोन्ही डिस्कांचे सर्किट बोर्ड घेऊन गेला. एकाच डब्यात, एकाच वायरीवर होत्या. स्टॅबिलायझर कुठला चांगला, कुणी सांगेल का?

चिकोडी, शिक्षिका

माझं साधं आहे. दहावीच्या अंतर्गत गुणांची एक्सेल फाईल चुकून जुन्या वर्षाच्या फाईलनं ओव्हरराइट केली. मिस्टर म्हणाले, दुसऱ्या डिस्कवर असेल की. तिथंही तीच! त्याच सेकंदाला.

बेळगाव, फोटो स्टुडिओ

मी वेगळं करतो. दर महिन्याच्या एक तारखेला मिररमधली एक डिस्क काढून कपाटात ठेवतो आणि कपाटातली आत घालून रिबिल्ड करतो. कपाटातली तो बॅकअप. सात वर्षं चाललंय.

टिळकवाडी

कपाटातली डिस्क बॅकअप आहे, मान्य. पण एक तारखेला ती आत घातली की पुसली जायला लागते, आणि नुकतीच काढलेली तेवढी बाहेर राहते. म्हणजे महिन्यापूर्वीचं काही हवं असेल तर संपलं. शिवाय रिबिल्डमध्ये एक डिस्क तासन्‌तास पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. तिच्यावरचा खराब सेक्टर तेव्हाच सापडतो.

बेळगाव, फोटो स्टुडिओ

म्हणून तर बाहेर काढलेली एक असतेच ना. आणि फिरवायला तिसरी डिस्क घेऊन आळीपाळीनं वापरली तर?

टिळकवाडी

फिरवायला तीन असतील तर मिररला त्यातली एकच दे आणि बाकीच्या दोन यूएसबीच्या डब्यात घालून बॅकअपला वापर, असं माझं मत. तुझं पटत नाही असं नाही, पण बोर्डाला दर महिन्याला नवीन जोडीदार ओळखायला लावणं मला नको वाटतं.

निपाणी, तंबाखूचे व्यापारी

मी सीएचा हिशोब रोज रोबोकॉपीनं बाहेरच्या डिस्कवर टाकायचो, `/MIR` लावून. एकदा D: वरचं एक फोल्डर उडालं आणि त्याच रात्री बाहेरच्या डिस्कवरूनही गेलं. `/MIR` म्हणजे इथं नसेल ते तिथूनही काढा. म्हणजे मी पैसे खर्चून परत मिररच बांधला होता! आता रोज तारखेचं नवीन फोल्डर:

```
robocopy D:\Kaam E:\2024-11-20 /E /R:1 /W:1
```

जागा जास्त खातं. जुनी फोल्डरं हातानं काढतो, महिन्याअखेरचं ठेवतो. एक डिस्क दुकानात, दुसरी भावाच्या घरी, शनिवारी अदलाबदल. आणि अदलाबदलीच्या दिवशी एक फाईल भावाच्या लॅपटॉपवर उघडून बघतो.

खानापूर

स्टॅबिलायझरचं कुणीच सांगितलं नाही.

हुक्केरी

हे वाचून आत्ता डिस्क मॅनेजमेंट उघडलं. Disk 1 `Online`, Disk 2 `Offline`. दोन्ही 931 जीबी. घड्याळ गेल्या महिन्यात चुकलं होतं, मीच F1 दाबून पुढं गेलो होतो. आता काय करू?

टिळकवाडी

बायोसला हात लावू नका आणि Disk 2 `Online` करू नका. यूएसबी डिस्क आहे का घरात?

हुक्केरी

एक आहे, 500 ची.

टिळकवाडी

D: वर किती भरलंय ते आधी सांगा.