मदत हवी आहे: बेसिक विसरतंय, पाच महिन्यांत उजळणी कशी लावू?

नीट एमडीएसला पाच महिने उरलेत. चिमूरजवळच्या गावात राहते, सकाळी क्लिनिक असतं. अभ्यासाला रोज पाचच तास मिळतात आणि नागपूरला क्लाससाठी जाणं शक्य नाही.

२४० पैकी १०० प्रश्न बेसिकचे, म्हणून आधी दोन महिने फक्त तेच केलं. मग ऑर्थो, पेरिओ, कॉन्झर्व्हेटिव्ह. परवाच्या मॉकमध्ये बेसिकचे ४६ बरोबर, ३८ चूक. चार आणि उणे एकच्या हिशोबाने ४०० पैकी १४६. ब्रेकियल प्लेक्सस तर पूर्ण पुसलाय! चुकांची वही केलीय, पण ती उघडायला वेळच उरत नाही.

आता ओरल पॅथॉलॉजीसोबत जनरल पॅथॉलॉजी, ओरल सर्जरीसोबत डोकं-मानेची ॲनाटॉमी अशा जोड्या लावू, की रोज दीड तास बेसिकला राखू? आणि बायोकेमिस्ट्रीला जोडीच सापडत नाही, ती तुम्ही किती दिवसांनी फिरवली?