मदत हवी आहे: पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामासाठी सुरुवातीचे वजन कसे ठरवावे?

संथगती (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ४१ असून मी आजवर वजने उचलण्याचा व्यायाम कधीही केलेला नाही. वैद्यकीय तपासणी करून घेतली आहे आणि डॉक्टरांची हरकत नाही. गेले दोन आठवडे मी केवळ हलक्या काठीने हालचालींचा सराव केला; आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस प्रत्यक्ष वजनाने सुरुवात करायची आहे. स्क्वॉट, बेंच प्रेस, वाकून करायची रो, डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेस असे पाचच व्यायाम आहेत आणि प्रत्येकाचे ८ रेपचे ३ सेट करायचे आहेत.

जिममधील एका ट्रेनरने सुचवले की पहिल्या दिवशी प्रत्येक व्यायामात जास्तीत जास्त किती उचलता येते ते पाहावे आणि त्यावरून टक्के काढावेत. दुसऱ्याच्या मते महिनाभर सगळेच रिकाम्या बारने करावे. पहिला सल्ला मला धोक्याचा वाटतो, तर दुसऱ्यात पाचही व्यायामांना एकच माप लावल्यासारखे होते. सोपे सेट करत हळूहळू वर जावे आणि थोडे राखून थांबावे, असे मी वाचले आहे. परंतु सेट सोपा होता हे ओळखायचे कशावरून, आणि थांबल्यावर मागे किती यायचे, हे मला कुठेच नीट सापडले नाही.

पहाटवारा

सुरुवातीला वजनाची घाई करू नये. आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो एवढाच बदल सुरक्षित समजला जातो. रात्रीचे जेवण लवकर घेऊन पाहावे.

संथगती

उत्तराबद्दल आभार, परंतु माझा प्रश्न शरीराच्या वजनाविषयी नसून बारवर किती वजन लावावे याविषयी आहे. शीर्षक अधिक स्पष्ट लिहायला हवे होते.

गणिती

यासाठी जास्तीत जास्त वजन प्रत्यक्ष उचलण्याची गरज नाही, ते सूत्राने काढता येते: वजन × (१ + रेप ÷ ३०). समजा, तुम्ही बेंच प्रेसमध्ये ३० किलोचे ५ रेप केले, तर उत्तर ३५ किलो येते. त्याचे ६० टक्के म्हणजे २१ किलो, हेच सुरुवातीचे वजन. पाचही व्यायामांना हेच लावावे, म्हणजे अंदाजाला वावच राहत नाही.

जुनाबार

गणिती यांचे सूत्र प्रचलित आहे आणि त्यांचे गणितही बरोबर आहे. मात्र त्या सूत्रात जे ५ रेप घालायचे, ते दमेपर्यंत केलेले असावे लागतात. सहाव्या रेपची ताकद उरलेली असतानाच थांबलात, तर उत्तर खरे येत नाही. आणि दमेपर्यंत करत राहिलात, तर पहिल्याच आठवड्यात जे टाळायचे तेच करून बसता. शिवाय नवशिक्याचा आकडा स्थिर नसतो. हालचाल अंगवळणी पडत जाते तसा तो स्नायू न वाढताही काही दिवसांत वर जातो. म्हणून टक्के काढण्याजोगा पायाच अजून तयार झालेला नसतो.

मी नव्या लोकांना पुढील रीत सांगतो. पाचही व्यायामांची चाचणी एकाच दिवशी घेऊ नये, कारण शेवटच्या दोन व्यायामांचे आकडे थकव्यामुळे चुकतात. सोमवारी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रो घ्यावेत, बुधवारी डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेस, आणि शुक्रवारी ठरलेल्या वजनांपैकी दोन-तीन प्रत्यक्ष पूर्ण सेट करून तपासावीत. प्रत्येक व्यायाम रिकाम्या बारने सुरू करावा (नेहमीचा लांब बार २० किलोचा असतो, तरी तुमच्याकडचा एकदा काट्यावर ठेवून पाहा), ५ रेप करावेत, दोन मिनिटे थांबावे आणि मग वजन वाढवावे. बेंच, रो आणि प्रेसमध्ये एका वेळी ५ किलोंपेक्षा जास्त वाढ नको. स्क्वॉटमध्ये पहिल्या एक-दोन वाढी १० किलोंच्या चालतात, त्यानंतर ५ किलोंच्या.

सोपा सेट कोणता, हे मनाला विचारून ठरवू नये, कारण अजून किती रेप झाले असते याचा नवशिक्याचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. फोन बाजूला ठेवून व्हिडिओ काढावा आणि पहिला व पाचवा रेप एकामागून एक पाहावा. दोन्हींचा वर येण्याचा वेग सारखा दिसला, बारची वाट बदलली नाही आणि शरीराची ठेवण तीच राहिली, तर सेट सोपा होता. पाचवा रेप संथ झाला, गुडघे आत आले, कंबर उचलली गेली किंवा तोंड आवळून श्वास रोखावा लागला, तर तेथेच थांबावे. तो सेट सुरुवातीचे वजन नव्हे. त्याच्या आधीचा सेट हा शेवटचा सोपा सेट. आणि सुरुवात त्याहूनही एक पायरी खालून करावी, कारण चाचणी ५ रेपच्या एका सेटची झाली आहे, तर रोजचे काम ८ रेपच्या ३ सेटचे आहे. हीच राखीव जागा.

एक सूचना: बारच्या सेफ्टी पिन लावल्याशिवाय स्क्वॉट किंवा बेंचची चाचणी घेऊ नये, वजन कितीही हलके असले तरी.

परतवाट

माझा अनुभव लिहिते, कदाचित उपयोगी पडेल. आठ वर्षांच्या खंडानंतर मी व्यायामाला परतले. वजन अगदी किरकोळ होते, पण उत्साहाच्या भरात मांड्यांचे बरेच सेट केले आणि प्रत्येक वेळी खाली जाताना मुद्दाम सावकाश गेले. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरता येईनात. तिसऱ्या दिवशी मांड्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली. रुग्णालयात तीन दिवस सलाईनवर राहावे लागले. म्हणून मी म्हणेन की जे सोपे वाटते त्याच्याही निम्म्याने सुरुवात करावी.

जुनाबार

तुम्ही लगेच रुग्णालयात गेलात हे योग्यच केले. लघवीचा रंग तसा झाला तर विश्रांती घेऊन पाहत बसायचे नसते. मात्र तुमच्याच लिहिण्यातून दिसते की घात वजनाने नव्हे, तर सेटच्या संख्येने आणि सावकाश खाली जाण्याने केला. वजन निम्मे करूनही १२ सेट केले असते तर धोका टळला नसता. त्यामुळे संथगती यांनी पहिल्या आठवड्यात चाचणीचे सेट धरून प्रत्येक व्यायामाचे ४-५ सेटच करावेत. चाचणीच्या दिवशी वेगळे कामाचे सेट करू नयेत.

संथगती

आठवडा झाला. जे घडले ते लिहितो.

स्क्वॉटमध्ये २०, ३० आणि ४० किलो सारख्याच वेगाने झाले. ४५ किलोंवर चौथ्या रेपला गुडघे आत येताना व्हिडिओत दिसले. त्या क्षणी मला ते मुळीच जाणवले नव्हते. म्हणजे शेवटचा सोपा सेट ४० किलोंचा आणि सुरुवात ३५ किलोंपासून. बेंच प्रेसमध्ये २० आणि २५ सोपे होते, ३० किलोंचा पाचवा रेप स्पष्टपणे रेंगाळला. तेथे ५ ऐवजी २.५ किलोच मागे येऊन २२.५ ठरवले. रोमध्ये वेगावरून काही कळेना, कारण वजन वाढले की माझे धडच वर उचलले जात होते. तेच थांबण्याचे चिन्ह मानून २५ किलोंवर आलो.

ओव्हरहेड प्रेसमध्ये मात्र अडलो. रिकाम्या बारच्याच चौथ्या रेपला पाठ मागे वाकली. म्हणजे थांबण्याचा सेट पहिलाच, आणि त्याच्या खाली जायला जागाच नाही. डेडलिफ्टमध्येही रिकाम्या बारने सुरुवात कशी करायची हे उमगेना; बार जमिनीला इतका टेकतो की पाठ गोल झाल्याशिवाय हात पोहोचत नाहीत.

जुनाबार

बेंचमध्ये तुम्ही कमी मागे आलात ते बरोबर आहे. ४० किलोंवरून ५ किलो काढणे म्हणजे आठवा भाग, तर २५ किलोंवरून ५ काढणे म्हणजे पाचवा भाग. त्यामुळे मी पायरी म्हणतो ती साधारण दहावा-आठवा भाग धरावी आणि जवळच्या प्लेटला जुळवून घ्यावी.

डेडलिफ्टची अडचण उंचीची आहे. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो आणि त्या लावल्यावर बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. लहान प्लेट लावल्या की तो खाली जातो आणि व्यायाम हलका होण्याऐवजी अवघड होतो. म्हणून बारची दोन्ही टोके ठोकळ्यांवर किंवा रॅकच्या पिनांवर ठेवून तीच उंची आधी मिळवावी आणि मग चाचणी घ्यावी. तेथे वेगापेक्षा हे पाहावे की कंबर खांद्यांच्या आधी वर जाते का आणि बार नडगीपासून दूर सरकतो का.

प्रेससाठी डंबेल घ्या, पण २० किलोंच्या बारचे दोन भाग करून १० किलोंचे डंबेल घेऊ नका. दोन्ही हातांना आपापला तोल सांभाळावा लागतो, त्यामुळे ५ किलोंपासून पाहा. आणि ५ वरून पुढचे डंबेल ७.५ किलोंचे असेल, तर ती एकदम दीडपट उडी होते. तेव्हा वजन तेच ठेवून आधी ८ चे १२ रेप होऊ द्या.

संथगती

ठोकळ्यांवरून डेडलिफ्ट केली: ४० आणि ५० किलो ठीक, ६० किलोंवर कंबर आधी उठली, म्हणून ४५ किलो. प्रेससाठी ५ किलोंचे डंबेल सोपे गेले. चाचणी लांबल्यामुळे हे दोन्ही बुधवारऐवजी गुरुवारी झाले. एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. शुक्रवारी ३५ किलोंचे ३ स्क्वॉट सेट केले, तेव्हा तिसऱ्या सेटचा आठवा रेप पहिल्या सेटच्या आठव्यापेक्षा संथ होता. मांड्यांच्या मागच्या बाजूला आदल्या दिवशीच्या डेडलिफ्टचा ठणकाही होता. आता ३५ हे वजन चुकले, की दिवस चुकला?

गणिती

माझ्या पद्धतीने मोजले असते तर ४० किलोंच्या ५ रेपवरून तुम्ही २८ किलोंवर असता आणि हा प्रश्नच आला नसता. ३० किलोंवर या.

जुनाबार

बेंचमध्ये तुमचा आणि माझा आकडा जवळपास सारखाच आला आहे, हे मान्य. स्क्वॉटच्या बाबतीत मी थांबेन. असा ठणका २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो, त्यामुळे शुक्रवारचा संथपणा वजनाचा पुरावा धरता येत नाही. दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर सोमवारी ३५ नेच करावे. तिसरा सेट पुन्हा रेंगाळला तर ३२.५.

परतवाट

आणि ठणका असतानाच पुन्हा तेवढेच सेट? मी असते तर सोमवारी वजन तेच ठेवून दोनच सेट केले असते.

संथगती

सोमवारी दोन सेटनंतरचा व्हिडिओ पाहीन आणि तिसरा करायचा की नाही ते तेव्हाच ठरवीन. आकडे येथेच लिहितो.