लेले काकूंचा जपानी रिमोट

लेले काकू (३०२): मंडळी, नागोयाहून नमस्कार. इथे दुपारचे पावणेतीन वाजलेत. लेक-जावई ऑफिसात, दोघंही फोन उचलत नाहीत. एसी चालू आहे, दिवा लागलाय, पण गार हवा म्हणून नाही. रिमोटवर सगळं जपानी. फोटो टाकते, कुणाला कळतं का बघा. घामानं नुसती निथळतेय.

[फोटो]

सावंत सेक्रेटरी: काकू, ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय टाकायचे असं मागच्या मीटिंगला ठरलंय. तरी तुमची अडचण आहे म्हणून राहू दे.

नेने काका (१०४): सूर्याचं चित्र आहे ते बटण दाबा. सूर्य म्हणजे उन्हाळा. मी दुबईत ११ वर्षं एसी वापरलाय.

पेडणेकर (२०२): एसीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. ३०२ च्या एसीचा पाइप अजून आमच्याच गॅलरीत ठिबकतोय. काकू जपानात, पाणी इथे.

लेले काकू: पेडणेकर, घरी हे आहेत, त्यांच्याशी बोला. मी इथे शिजतेय.

मृणाल (४०१): काकू, फोटोत उजेड चमकतोय, काही वाचता येत नाही. रिमोट खिडकीपासून लांब धरा, झाकण असेल तर उघडा आणि वरचा स्क्रीनही फोटोत येऊ दे. मी पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा दिल्यात, एवढं वाचता येईल.

नेने काका: पुन्हा सांगतो. सूर्याचं बटण. बाहेर ऊन आहे ना?

[फोटो]

मृणाल: आता दिसलं. स्क्रीनवर 暖房 आहे आणि २३. काकू, हे हीटिंग आहे!

लेले काकू: अगं, सूर्य असलेलं केशरी बटण सकाळीच दाबलं होतं. नेने म्हणतात तेच. मग काही होईना म्हणून १८ पर्यंत खाली आणलं, मग परत वर.

सावंत सेक्रेटरी: गो काकू, ता सूर्य पुन्हा दाबू नको 😄

नेने काका: हीटिंग असतं तर गरम हवा आली असती. ती आलीच नाही असं त्या म्हणतायत. म्हणजे माझं चूक नाही.

दिनेश एसीवाला (००२): काका, हीच तर गंमत आहे. खोलीत आत्ता ३३-३४ असणार. हीटिंगला २३ लावलं म्हणजे मशीनला सांगितलं की खोली २३ पर्यंत तापव. मशीन बघतं, खोली त्याच्या पुढेच गेलीय, म्हणजे काम झालेलं. मग कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, पंखा मंद होतो नाहीतर थांबतो. दिवा लागलेला, हवा नाही. १८ केलं तर मशीनला काम आणखीच कमी. आणि ३० केलं तरी खोली त्याहून गरमच. म्हणून आकडा कितीही वरखाली केलात तरी फरक नाही. मशीन बिघडलेलं नाही, मोड चुकलाय.

लेले काकू: मी तर जावयाला मेसेज टाकून ठेवला की तुमचा एसी गेला 🤦‍♀️

मृणाल: काकू, आता नीट बघा. 冷房 आणि 暖房. दुसरं अक्षर दोन्हीकडे एकच आहे, त्याचा अर्थ खोली. तिकडे लक्षच देऊ नका, गोंधळ तिथेच होतो. पहिल्या अक्षराची डावी बाजू बघा. 冷 च्या डावीकडे दोन छोटे फटकारे, एकाखाली एक. ती बर्फाची खूण, म्हणजे थंड. 暖 च्या डावीकडे उभा चौकोन, मधे आडवी रेघ. तो सूर्य, म्हणजे ऊब. तुम्हाला दोन फटकारेवालं हवंय. बहुतेक निळं असेल, पण रंगावर विसंबू नका, अक्षर बघा.

नेने काका: म्हणजे सूर्य आहेच ना. मी सूर्यच म्हणत होतो.

जोशी वहिनी (३०१): 🙏 शुभ सकाळ. श्रावणी सोमवारच्या शुभेच्छा.

लेले काकू: दाबलं. पीक असं वाजलं. स्क्रीनवर २८ आलंय. हवा येतेय पण गार नाही गं.

दिनेश एसीवाला: तीनेक मिनिटं थांबा. मोड बदलला की मशीन कॉम्प्रेसरला लगेच सुरू करत नाही, दम खाऊ देतं. तोवर परत परत बटणं दाबू नका. आपल्याकडेही लोक तेच करतात आणि मग मला फोन लावतात.

पेडणेकर: दिनेश, त्या पाइपचं कधी बघतोस?

दिनेश एसीवाला: लेले काका दार उघडतील तेव्हा. दोनदा बेल मारून आलो.

नेने काका: २८ म्हणजे काय एसी? दुबईत आम्ही १८ लावून गोधडी घेऊन झोपायचो.

मृणाल: काका, जपानच्या पर्यावरण खात्यानंच २००५ पासून उन्हाळ्यात खोली २८ च्या आसपास ठेवा असं सांगितलंय. काकू, जास्तच उकडत असेल तर २६ करा. 温度 लिहिलंय ना, त्याच्या शेजारचा खालचा बाण.

लेले काकू: आली आली! गार हवा आली!! मृणाल, दिनेश, तुमच्या तोंडात साखर पडो. आल्यावर दोघांना घावन-चटणी.

सावंत सेक्रेटरी: आता विषय बंद करूया.

लेले काकू: एकच राहिलं. तासाभरानं मला खाली फिरायला जायचंय. बंद करताना तेच निळं परत दाबायचं ना?

मृणाल: नाही! आपल्याकडे एकाच बटणानं चालू-बंद होतं, यात तसं नाही. मोडच्या बटणानं फक्त चालू होतं. बंदसाठी वेगळं बटण, 停止. दुसरं अक्षर 止 लक्षात ठेवा, सगळ्या रेघा सरळ, खाली एक लांब आडवी. आणि ते दाबल्यावरही पंखा चालूच राहिला तर घाबरू नका. आतून सुकवण्याची सोय आहे यात, तुमच्या फोटोत झाकणाखाली 内部クリーン दिसतंय. थोड्या वेळानं आपोआप थांबेल.

दिनेश एसीवाला: कूलिंगमध्ये आत पाणी सुटतं ना, ते तसंच राहिलं तर बुरशी धरते. म्हणून सुकवतं. रत्नागिरीत तर हे प्रत्येक एसीला पाहिजे.

लेले काकू: आणि हे थेंबाचं चित्र? मला वाटलं कूलरसारखं पाणी मारत असेल, म्हणून हात लावला नाही.

मृणाल: 除湿. दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे तीन फटकारे, ती पाण्याची खूण. बर्फाला दोन, पाण्याला तीन. पण हे पाणी मारत नाही, हवेतला ओलावा काढून घेतं.

दिनेश एसीवाला: आपल्या रिमोटवरचं ड्राय ते हेच. पंखा हळू, कॉम्प्रेसर थांबून थांबून. पावसात जेव्हा उकडत नाही पण सगळं दमट लागतं, तेव्हा कामाचं. काकूंकडे आत्ता ३४ आहे, तिथे एकट्या ड्रायनं भागणार नाही.

जोशी वहिनी: ड्रायवर कपडे वाळतात का? आठ दिवस झाले, यांची विजार अजून ओली आहे.

दिनेश एसीवाला: वाळतात, पण दारं-खिडक्या बंद ठेवून. खिडकी उघडी ठेवलीत तर मशीन अख्ख्या मांडवी बंदराची हवा सुकवत बसेल.

नेने काका: सूर्याचं बटण दाबलं तर कपडे लवकर वाळतील.

मृणाल: काका, ज्या एसीत हीटिंग आहे तिथे, खोली गार असेल तेव्हा खरंच वाळतील. आज पहिल्यांदा तुमचा सूर्य बरोबर 😄

लेले काका (३०२): आत्ताच उठलो. ग्रुपवर एवढं काय चाललंय? आमच्या रिमोटवरही थेंब आहे, चार दिवस तेच लावून झोपतोय, छान वाटतं. ते पाणी जातं कुठे पण?

पेडणेकर: माझ्या गॅलरीत.