फी वाढवायची तर मोठ्या क्लायंटना वगळून?

वहीखाते_पुणे: आमच्या टॅक्स-अकाउंटिंगच्या ऑफिसची फी 2018 पासून तीच आहे. एप्रिलपासून सरसकट 20 टक्के वाढ लावतोय. फक्त मोठे सहा क्लायंट सोडून, कारण ते गेले तर दुकानाला कुलूप. छोटे गेले तर जाऊ देत. बरोबर ना?

तिसरा_मजला: नाही. वाचून चिडचिड झाली म्हणून लांबलचक लिहितोय. मोठा कोण, हे तुम्ही बिलाच्या आकड्यावरून ठरवलंत. मीही तेच करायचो. मग दोन महिने एक वही ठेवली, कुणाच्या कामाला किती तास गेले ते लिहायला. माझा सगळ्यात मोठा क्लायंट भांड्यांचा व्यापारी, महिना 9,000 देणारा. त्याचे तास निघाले 18, म्हणजे तासाला 500. एक छापखानावाला 3,000 देतो आणि अडीच तासांत संपतो, म्हणजे तासाला 1,200. ज्याला मी 'गेला तर जाऊ दे' म्हणत होतो, तोच मला पोसत होता.

व्यापाऱ्याकडे जानेवारीत स्वतः गेलो, मेसेज नाही. सांगितलं, एप्रिलपासून 14,000, नाहीतर 9,000 च राहू दे, पण खरेदी-विक्रीच्या नोंदी तुमचा मुनीम करणार आणि 5 तारखेला आमच्याकडे देणार. आम्ही जीएसटीच्या टू-बी यादीशी जुळवणी आणि रिटर्न एवढंच. तो अर्धा तास ओरडला, चहासुद्धा विचारला नाही. आठवड्याने दुसरा पर्याय घेतला. आता त्याचे तास 8 वर आलेत. फी एक रुपया न वाढवता तासाला 1,125 मिळतात. छापखानेवाल्याला फक्त 300 वाढवले, तो काहीच बोलला नाही.

गणित_पक्कं: एवढी वही कशाला? नफा 40 टक्के असेल आणि दर 20 टक्के वाढवला, तर तिसरा हिस्सा गिऱ्हाईक गेलं तरी नफा तेवढाच राहतो. सरळ हिशेब आहे.

तिसरा_मजला: सरळ आहे, पण किराणा दुकानाचा. तिथे गिऱ्हाईक गेलं की मालाचा खर्चही जातो. आमच्याकडे क्लायंट गेला म्हणून असिस्टंटचा पगार आणि ऑफिसचं भाडं कमी होत नाही. शंभरातले 20 च रुपये त्या क्लायंटसोबत जात असतील, तर 20 टक्के वाढीवर पाचवा हिस्साच गमावता येतो. तिसरा गेला तर बसलात घरी.

गणित_पक्कं: ठीक, पगार विसरलो. पण पद्धत बरोबर होती.

कोथरूडची_मावशी: माझा डब्याचा व्यवसाय आहे. मागच्या वर्षी 200 रुपये वाढवले तर दोघी वहिनींनी नावं ठेवली. पोळ्या तीनच्या दोन केल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं.

तिसरा_मजला: मावशी, पहिल्याच दिवशी कळतं. पोळ्या मोजणारेच डबा लावतात.

एकोणीस_तारीख: फी सोडा, खरं दुखणं वेगळंच आहे. 20 ला जीएसटीचा 3बी रिटर्न भरायचा आणि बिलांचे फोटो येतात 19 च्या रात्री साडेअकराला. आडवे, अंगठा मध्ये, जीएसटी नंबरवर चहाचा डाग. असल्यांना 20 नाही, 200 टक्के लावा.

शटरवाला: मी त्या फोटोवाल्यांपैकीच. दिवसभर गल्ल्यावर बसून बिलं कधी लावू? तुमच्यासारख्या एकाने माझी नोटीस दीड महिना टेबलावर ठेवली आणि दंड मी भरला. आणि वाढीव फीवर परत 18 टक्के जीएसटी!

एकोणीस_तारीख: तो जीएसटी तुम्ही क्रेडिटमध्ये परत घेता. रडायचंच असेल तर नोंदणी नसलेल्याने रडावं. आणि रात्री गल्ला मोजता ना, तेव्हाच बिलंही मोजा.

शटरवाला: तुमच्या बोलण्यावरूनच कळतं क्लायंट का जातात ते.

तिसरा_मजला: दोघंही थांबा. शटरवाल्यांचा एक मुद्दा मात्र मानावा लागतो. नोटीस आली की त्याच दिवशी फोन, हे जमत नसेल तर वाढ मागायला तोंड नाही. माझे दोन क्लायंट गेले, तेही फीवरून नाही. एप्रिलच्या बिलावरच नवा आकडा छापून पाठवला, आधी बोललो नाही.

वहीखाते_पुणे: बरं बाबा, चुकलो, सगळ्यांना कळलं. सहा जणांचे तास लिहायला घेतलेत. पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त तास खाल्ले ते माझ्या साडूने. त्याच्याकडे जानेवारीत जाऊन काय सांगू?

शटरवाला: साडूकडून फी घेता?

एकोणीस_तारीख: फोटो पाठवतो का तो?

वहीखाते_पुणे: फोटो नाही. पिशवी आणून देतो.