येस बँक : ताळेबंद कुठे अपुरा पडला आणि चार्ट कुठे?

वाचक_सांगली : येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता आणि ६ मार्च २०२० रोजी दिवसातल्या एका क्षणी तो साडेपाच रुपयांवर आला. मधल्या दीड वर्षात ताळेबंद वाचणारेही खरेदी करत होते आणि चार्ट पाहणारेही. या एका उदाहरणात फंडामेंटल आणि टेक्निकल विश्लेषण नेमके कुठे अपुरे पडले?

बँकहिशेब : मार्च २०१९ चा ताळेबंद समोर ठेवून पाहू. बँकेची नेटवर्थ सुमारे २६,९०० कोटी रुपये होती आणि वाटलेली कर्जे सुमारे २,४१,५०० कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या कर्जामागे भागधारकांचे अकरा रुपये. शंभरातले अकरा परत आले नाहीत, तर भागधारकांचे सगळेच संपते. पुस्तकी मूल्य त्या वेळी शेअरमागे शंभर रुपयांच्या वर दिसत होते, त्यामुळे भाव पन्नासाच्या खाली आल्यावर अनेकांनी ‘निम्म्या किमतीत बँक’ असा हिशेब मांडला. पण बँकेचे पुस्तकी मूल्य म्हणजे किती कर्जे परत येतील याविषयी बँकेने स्वतःच केलेल्या अंदाजानंतर उरणारी बाकी असते. तो अंदाज थोडासा सैल असला तरी बाकी पूर्ण बदलते. मार्च २०१९ ला ढोबळ अनुत्पादक कर्जे ३.२२ टक्के दाखवली होती आणि डिसेंबर २०१९ अखेरीस तीच १८.८७ टक्के निघाली. त्या एका तिमाहीचा तोटा १८,५६४ कोटींचा होता. हे आकडे १४ मार्च २०२० ला जाहीर झाले. पैसे काढण्यावरचे निर्बंध ५ मार्चलाच आले होते.

तरीही ताळेबंद वाचणाऱ्याला काहीच कळू शकत नव्हते, असे मी म्हणणार नाही. २०१५-१६ साठी बँकेने ढोबळ अनुत्पादक कर्जे ७४९ कोटी दाखवली होती आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती ४,९२६ कोटी ठरली. पुढच्या वर्षी २,०१८ कोटींच्या जागी सुमारे ८,३७३ कोटी. हे बँकेने स्वतःच जाहीर केलेले आहे. ज्याने नफ्याचा आकडा वाचला आणि ही तफावत वाचली नाही, त्याने फंडामेंटल विश्लेषण अर्धेच केले.

भाव_आणि_व्हॉल्यूम : तुमची मांडणी मला पटते, पण ती किती जणांना जमेल? माझ्या बाजूने पाहिले तर ताळेबंदाखालच्या टिपा वाचायची गरजच नव्हती. १९ सप्टेंबर २०१८ ला रिझर्व्ह बँकेने सहसंस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी राणा कपूर यांची मुदत ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच मर्यादित केल्याचे कळले आणि २१ तारखेला शेअर एका दिवसात चौथ्या हिश्श्याहून अधिक पडला. त्यानंतर जुना उच्चांक पुन्हा कधीही दिसला नाही. कर्जदारांना आणि आतल्या माणसांना जे आधी कळते ते त्यांच्या खरेदी-विक्रीतून भावात उतरते, आणि हिशेबात ते चार तिमाहींनंतर येते. २०० दिवसांच्या सरासरीखाली राहणारा शेअर घ्यायचा नाही, एवढा एक नियम पाळणारा या शेअरच्या शेवटच्या घसरणीपासून दूर राहिला असता.

बँकहिशेब : शेवटच्या घसरणीपासून राहिला असता, हे मान्य. पण फेब्रुवारी २०१९ चे काय? १३ तारखेला बँकेने जाहीर केले की २०१७-१८ साठी रिझर्व्ह बँकेला काहीही तफावत आढळली नाही. दुसऱ्या दिवशी शेअर प्रचंड व्हॉल्यूमसह सुमारे ३० टक्के वर गेला आणि एप्रिलच्या सुरुवातीला तो २८० च्या आसपास होता. चार्ट पाहणाऱ्याला यापेक्षा स्वच्छ ब्रेकआउट कोणता हवा असतो? २६ एप्रिलला १,५०७ कोटींचा तिमाही तोटा जाहीर झाला आणि बाजार ३० तारखेला उघडला तेव्हा शेअर एका दिवसात २९ टक्के खाली आला. गोपनीय अहवालातला एवढाच भाग उघड केल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीतच बँकेला खडसावले होते. ती बातमी ज्याने गांभीर्याने घेतली त्याला इशारा मिळाला, पण तो चार्टमधून नव्हे. मात्र ‘तफावत नाही’ या जाहीर माहितीवर विसंबून माझ्या पंथातलेही बरेच जण फसले, हेही सांगायला हवे.

ऊसपट्टा : मला स्टॉप लॉसबद्दल विचारायचे आहे. माझ्याकडे एका लहान साखर कंपनीचे शेअर होते. चार्ट अगदी सरळ रेषेत चढत होता, सगळ्या सरासऱ्या एकाखाली एक शिस्तीत लागलेल्या. मग सलग लोअर सर्किट लागू लागले आणि विक्रीची ऑर्डर रोज तशीच पडून राहिली, कारण समोर खरेदीदारच नव्हता. ब्रोकरची चूक धरायची का?

भाव_आणि_व्हॉल्यूम : ब्रोकरची चूक नाही. स्टॉप लॉस ही केवळ ऑर्डर असते, त्या भावाला घेणारा मिळेल याची हमी नसते. तुमच्या शेअरमध्ये चार्ट वाचण्यासारखे काही नव्हतेच. जिथे दिवसाला मोजकेच सौदे होतात तिथे दोन-तीन माणसे मिळून हवी तशी रेषा काढू शकतात. डिलिव्हरी किती जाते आणि लहानशा ऑर्डरने भाव किती हलतो, हे आठवडाभर पाहिले असते तर लक्षात आले असते.

आणि ही अडचण फक्त लहान शेअरची नाही. येस बँकेच्या पुनर्रचनेत शंभराहून अधिक शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. विकायला बाजारात शेअरच कमी राहिले आणि १८ मार्च २०२० ला भाव एका क्षणी ८७ च्या वर गेला. स्टेट बँकेने त्याच सुमारास १० रुपयांनी शेअर घेतले होते. त्या दिवसांतला चार्ट मी कोणत्याही नियमाने वाचणार नाही. आमचे सगळे नियम घेणारा आणि विकणारा दोघेही मोकळे आहेत असे धरून चालतात.

नवगुंतवणूकदार : मग निष्कर्ष सोपा आहे. बँका सोडाव्यात. इतर कंपन्यांची मालमत्ता डोळ्यांना दिसते, तिथे ताळेबंद पुरेसा आहे.

बँकहिशेब : बँकांबाबतचा तुमचा सावधपणा योग्य आहे, दुसरे वाक्य मात्र टिकत नाही. सत्यमच्या सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँकशिल्लक ५,३६१ कोटी होती आणि त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, असे कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी जानेवारी २००९ मध्ये लिहून दिले. सॉफ्टवेअर कंपनी, कर्जे वाटण्याचा प्रश्नच नाही, आणि रोकड ही ताळेबंदातली सर्वांत साधी गोष्ट. एवढ्या शिलकीवर व्याज किती मिळायला हवे आणि ते खरोखर जमा होते का, हा प्रश्न विचारता येतो. पण व्याजही खोटे लिहिलेले असेल, तर बाहेरच्या वाचकाचे हात तिथे थांबतात.

आता भाव_आणि_व्हॉल्यूम यांना एक प्रश्न. मार्च २०२० मध्ये आयसीआयसीआय बँकही पाचशेच्या वरून तीनशेच्या खाली आली होती आणि तीही तुमच्या २०० दिवसांच्या सरासरीखाली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा भाव सहाशेच्या वर होता. या दोन बँकांतला फरक चार्ट कसा सांगणार होता? भांडवल आणि तरतुदी पाहणाऱ्याला तो दिसत होता.

भाव_आणि_व्हॉल्यूम : चार्ट तो सांगत नाही, दोन्हीतून बाहेर पडायला सांगतो. भाव पुन्हा सरासरीच्या वर टिकल्यावर मी आयसीआयसीआय परत घेतला असता, अर्थात तळापेक्षा बराच महाग. हा जादा खर्च मी येस बँकेसारख्या प्रसंगातून वाचण्याचा विमा समजतो.

बँकहिशेब : विमा असेल तर हप्ता दरवर्षी किती पडतो तेही मोजा. सरासरीच्या खाली-वर होताना झालेले लहान तोटे दहा वर्षांचे एकत्र मांडल्याशिवाय तो स्वस्त की महाग हे मला मान्य करता येणार नाही. तुमच्याकडे स्वतःच्या सौद्यांची तशी नोंद असेल तर इथे मांडा.