मदत हवी आहे: दोन ओळींचं मराठी, मात्रा धरू की अर्थ?

नेरूळमध्ये पाणथळीजवळ आमच्या सोसायटीचं फ्लेमिंगोंसाठी पोस्टर लागणार आहे. शेजारच्या काकांनी हिंदीत लिहिलंय:

पानी ठहरे, पंछी ठहरे,
ठहरे अपनी भागदौड़ भी

ओळीला सोळा मात्रा. मुलं हे टाळीवर म्हणणार आहेत, त्यामुळे मराठीतही तेवढ्याच हव्यात.

शब्दशः ‘पाणी थांबो, पक्षी थांबो’ मात्रांत चोख बसतं. पण नवी मुंबईत पावसाळ्यात ‘पाणी थांबो’ वाचून लोकांना तुंबलेलं गटारच आठवेल! ‘पाणी विसावो, पक्षी विसावो’ अर्थाला जवळचं, पण अठरा मात्रा होतात. मुलीकडून म्हणवून घेतलं, दोन्ही वेळा ‘विसावो’वर टाळी चुकली.

शेवटी हे जमलं:

निवले पाणी, निवले पक्षी,
धावपळीला मिळो विसावा

दोन्ही ओळी आठ-आठवर तुटतात. पण तीनदा येणारा ‘ठहरे’ गेला, ‘अपनी’ गेलं. शिवाय हिंदीतली इच्छा पहिल्या ओळीत घडून गेलेली गोष्ट झाली. काकांना हेच खटकतंय, आणि मलाही थोडं.

तिन्ही ठिकाणी चालेल असं, इच्छा सांगणारं चार मात्रांचं क्रियापद कुणाला सुचतंय का? ‘थांबो’ सोडून. शुक्रवारी छपाईला द्यायचंय.