प्रतिसाद: निषिद्ध शब्द चिठ्ठीतून काढू नका

«लेखनाच्या सरावासाठी आम्ही वस्तू, जागा आणि लिहिताना वापरायचा नाही असा निषिद्ध शब्द अशा तीन चिठ्ठ्या काढतो, पण तिसरीचा काही उपयोगच होत नाही. काय चुकतंय?»

तिसरी चिठ्ठी आधीच लिहून ठेवलेली असते, तिथं गडबड होते. छत्री, बसस्टँड आणि ‘हत्ती’ अशा चिठ्ठ्या निघाल्या, तर हत्ती कुणाला आठवणारच नाही. मग बंदी असून नसल्यासारखीच.

आम्ही बेळगावात चौघं बसतो. वस्तू आणि जागा तेवढ्या चिठ्ठीतून काढतो. मग प्रत्येक जण दोन मिनिटांत मनात येतील ते पाच शब्द लिहितो. जो शब्द सर्वांत जास्त जणांकडे येतो, त्यावर बंदी. गेल्या वेळी कुंद्याचा रिकामा डबा आणि खानापूर स्टेशन निघालं. तिघांच्या कागदावर ‘आठवण’ होतं.

मराठीत एवढं पुरत नाही. आठवणी, आठवणीनं, आठवलं, आठवतं हे सगळं बंद करावं लागतं, नाहीतर क्रियापदाच्या वाटेनं शब्द परत येतो. ‘स्मृती’ही पळवाटच. ओळखायची खूण सोपी आहे: लिहिलेल्या वाक्यात बंदीचा शब्द परत बसवून बघा. तो जसाच्या तसा बसला, तर फक्त प्रतिशब्द शोधलाय.

आमच्यातल्या एकीनं पहिल्यांदा ‘तिला आईची याद आली’ असं लिहिलं होतं. ते खोडून तिनं लिहिलं: ‘डब्याच्या कोपऱ्यात चिकटलेला कुंदा तिनं नखानं खरवडला, पण खाल्ला नाही. गाडी आली तसं झाकण घट्ट लावलं.’ इथं ‘आठवण’ घालायला जागाच नाही.